रोज हिरवं दिसतं, तरी खात्यातले पैसे का आटतात?

प्रश्न: "मी शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. पन्नास हजार टाकून ॲपवर शेअर्स चालू केले. विचार लांबच्या गुंतवणुकीचा होता, पण आता रोज इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, होतंच. बहुतेक दिवस हिरवं दिसतं, तरी खात्यातले पैसे कमी होत चाललेत. नोटिफिकेशन आलं की हात जातोच. ॲप बदलू, की माझीच शिस्त कमी पडतेय?"

उत्तर:

शिस्तीचं नंतर बघू. आधी पैसे कुठं जातात ते बघा, कारण त्याचा हिशेब तुमच्या ईमेलमध्ये रोज रात्री येऊन पडतो आणि बहुतेक जण तो उघडतच नाहीत. मी कोल्हापुरात राजारामपुरीत रिटर्न भरायचं काम करतो. त्याआधी बरीच वर्षं ब्रोकरच्या ऑफिसात डीलरच्या खुर्चीवर होतो. त्यामुळे सौद्याच्या दोन्ही बाजू बघितल्यात: फोनवर ऑर्डर घ्यायचीही, आणि वर्षाच्या शेवटी त्या ऑर्डरींचं काय झालं तीही.

ॲपवर पोझिशनच्या पानावर जो हिरवा आकडा नाचतो, त्यात सहसा खर्च धरलेला नसतो. विकलेल्या आणि घेतलेल्या भावातला तो नुसता फरक. खरा आकडा कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये, म्हणजे ब्रोकर रोज पाठवतो त्या सौद्यांच्या बिलात असतो. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो, बहुतेक ठिकाणी तुमचा पॅन नंबर. एवढ्याशा अडचणीपायी ती न उघडलेली राहते, आणि ॲप मात्र अंगठा लावला की उघडतं.

एक साधा सौदा घेऊ. समजा ५०० रुपयांचे ८० शेअर्स सकाळी घेतले आणि तासाभरात ५०० रुपये ६० पैशांना विकले. स्क्रीनवर दिसणार ४८ रुपये नफा, हिरवा. आता कॉन्ट्रॅक्ट नोट वाचा. ऑर्डरमागे २० रुपये दलाली धरली, तर घेताना २० आणि विकताना २०, झाले ४०. इंट्राडेमध्ये विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के एसटीटी हा सरकारचा कर, म्हणजे १० रुपये. एक्स्चेंजचा आकार दोन्ही बाजू मिळून साधारण अडीच रुपये, स्टॅम्प ड्युटी सव्वा रुपया, सेबीची फी काही पैसे. दलाली आणि एक्स्चेंजच्या आकारावर १८ टक्के जीएसटी, साडेसात रुपयांच्या आसपास. बेरीज ६१ रुपये. म्हणजे ४८ रुपयांच्या हिरव्या सौद्यात तुमचे १३ रुपये गेले. या सौद्यात बरोबरीला यायलाच भाव ७६-७७ पैशांनी वर जायला हवा होता.

हेच महिनाभर लावा. दिवसाला फक्त दोन सौदे, महिन्याचे वीस दिवस धरले तर चाळीस. समजा त्यातले २६ हिरवे, सरासरी १५० रुपयांचे, म्हणजे ३,९०० आले. उरलेले १४ लाल, सरासरी २०० रुपयांचे, म्हणजे २,८०० गेले. स्क्रीनच्या हिशेबाने ११०० रुपये नफा. चाळीस सौद्यांचा खर्च २,४५० च्या घरात. खात्यातून प्रत्यक्षात १,३५० रुपये कमी झाले. तीनातले दोन सौदे जिंकूनही पैसे आटतात ते असे. तुमचे आकडे वेगळे असतील. काही ॲपवर दलाली रकमेच्या ठराविक टक्के किंवा २० रुपये, यातली कमी असेल ती लागते, त्यामुळे छोट्या सौद्याला ती थोडी उतरते. पण चित्र हेच असणार.

वर्षाचा खर्च काढला तर २९,००० च्या पुढे जातो, पन्नास हजारांच्या भांडवलावर. म्हणजे नुसतं जागेवर राहायलाच वर्षाला ५८-५९ टक्के परतावा मिळवावा लागेल.

इथं एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो: "डिलिव्हरीपेक्षा इंट्राडे स्वस्त पडतं." एका सौद्यापुरतं ते खरं आहे. हाच ४०,००० चा व्यवहार डिलिव्हरीत, म्हणजे शेअर्स खात्यात ठेवून नंतर विकायचे असा केला तर एसटीटी दोन्ही बाजूंना ०.१ टक्का लागतो, म्हणजे ८० रुपये. वर दलाली, जास्त स्टॅम्प ड्युटी आणि विकताना डीमॅटमधून शेअर काढल्याचा डीपी चार्ज. सगळं मिळून दीडशेच्या वर जातं. पण तो खर्च वर्षातून एकदा होतो, किंवा तीन वर्षांतून एकदा. इंट्राडेचे ६१ रुपये महिन्यातून चाळीस वेळा होतात. सौदा स्वस्त केला की सौदे वाढतात, हे ॲप बनवणाऱ्याला चांगलं माहीत असतं.

मघाच्या २,४५० रुपयांतले १,६०० ब्रोकरचे होते. तुम्ही जिंका की हरा, त्याचे १,६०० ठरलेले. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तिथं अडत्याला अडत सौदा झाल्यावर मिळते, शेतकऱ्याला भाव परवडला की नाही यावर नाही. इथंही तसंच. तुम्ही पन्नास हजारांचे शेअर्स घेऊन दोन वर्षं झोपून राहिलात तर ब्रोकरला तुमच्याकडून फारसं काही मिळत नाही. अमेरिकेतल्या काही ॲपवर दलाली शून्य असते आणि ऑर्डर दुसऱ्या मोठ्या व्यापाऱ्याकडे वळवल्याचे पैसे ॲपला मिळतात. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडचं उत्पन्न म्हणजे ऑर्डरमागची दलाली, उधारीवर शेअर्स घेऊ देण्याचं, म्हणजे एमटीएफचं व्याज, आणि असंच काही. यातलं जवळपास सगळं तुमच्या हालचालीवर अवलंबून. म्हणून स्क्रीनची प्रत्येक जागा तुम्ही हालचाल करावी अशीच मांडलेली असते. यात कट वगैरे काही नाही. आम्हा डीलर लोकांनाही महिन्याचं टार्गेट असायचं आणि बाजार शांत असला की आम्हीही गिऱ्हाइकांना फोन लावायचो. फरक एवढाच की आमचे फोन दिवसाला किती होणार! आणि गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली की आम्ही ती मोठ्याने परत वाचून दाखवायचो, "शंभर घ्यायचे ना, बाजारभावाने?" त्या दोन सेकंदांत कितीतरी जण "थांबा, उद्या बघू" म्हणायचे.

आता हात का जातो त्याकडे. ॲपमधल्या खेळासारख्या गोष्टी म्हटलं की लोकांना रॉबिनहूड या अमेरिकन ॲपवरची रंगीत कागदांची उधळण आठवते. सौदा झाला की स्क्रीनवर ती व्हायची. मॅसॅच्युसेट्स राज्याने डिसेंबर २०२० मध्ये त्या कंपनीवर तक्रार दाखल केली आणि मार्च २०२१ मध्ये कंपनीने उधळण काढून टाकली. आपल्याकडे ब्रोकरांना बक्षिसांच्या स्पर्धा आणि लीग घ्यायला मनाई आहे, त्यामुळे इतका उघड खेळ दिसत नाही. पण माझ्या मते उधळण हा त्यातला सगळ्यात निरुपद्रवी भाग होता. जास्त काम करते ती साधी दिसणारी यादी: आजचे टॉप गेनर्स, टॉप लूझर्स, या ॲपवर सर्वाधिक घेतलेले.

यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. बार्बर, ओडीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉबिनहूडच्या गिऱ्हाइकांची खरेदी तपासली. त्या ॲपवरच्या टॉप मूव्हर्स यादीत सगळ्यात जास्त हललेले शेअर्स एकत्रच यायचे, वर गेलेलेही आणि पडलेलेही. आणि तिथले लोक, इतर ठिकाणच्या छोट्या गुंतवणूकदारांच्या तुलनेत, जोरात पडलेले शेअर्सही जास्त घ्यायचे. म्हणजे काय घ्यायचं हे काही अंशी यादीच्या मांडणीने ठरवलं. पुढचा भाग आणखी महत्त्वाचा. ज्या दिवशी जे शेअर्स तिथं सर्वात जास्त झुंबडीने घेतले गेले, ते पुढच्या वीस दिवसांत बाजाराच्या मानाने सरासरी ४.७ टक्क्यांनी मागे पडले. कारण सरळ आहे. यादीत शेअर येतो तो हलून झाल्यावर. "तुमच्या वॉचलिस्टमधला अमुक शेअर ५ टक्के वर" हा मेसेज तुम्हाला येतो तेव्हा ते पाच टक्के दुसऱ्या कुणाचे झालेले असतात.

दुसरी गोष्ट पैशांच्या येण्याजाण्यातली. खात्यात पैसे टाकायला यूपीआयने दहा सेकंद लागतात. काढायला बहुतेक वेळा रिक्वेस्ट टाकायची आणि दुसऱ्या कामाच्या दिवसाची वाट बघायची. त्यामुळे विकल्यावर पैसे तिथंच पडून राहतात, आणि "वापरण्यासाठी शिल्लक" असा आकडा होमस्क्रीनवर दिसत राहतो. हुपरीचा एक चांदी कारागीर पोरगा रिटर्न भरायला आला होता. तो म्हणाला, "पैसं पडल्यालं दिसलं की काम अर्धवट ऱ्हायल्यासारखं वाटतंय बघा." याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

तिसरी गोष्ट ऑर्डरच्या चौकटीतली, आणि ही तुम्ही आज रात्रीच तपासा. कुठलाही शेअर उघडून खरेदीचं बटण दाबा, ऑर्डर देऊ नका, फक्त बघा. आधीपासून काय निवडलेलं आहे? MIS म्हणजे इंट्राडे, की CNC म्हणजे डिलिव्हरी? मार्केट ऑर्डर की लिमिट? खाली "चौथा हिस्सा भरा, बाकी आम्ही घालतो" अशा अर्थाचा एमटीएफचा पर्याय ठळक आहे का? इंट्राडेमध्ये पाचपटीपर्यंत उचल मिळते, म्हणून दहा हजारांत पन्नास हजारांचा सौदा होतो. दलाली मात्र पन्नास हजारांच्या सौद्याची लागते. जे आधीच निवडलेलं असतं तेच घाईत होऊन जातं.

तर ॲप बदलू का? बहुतेकांना मी नको म्हणतो, कारण दुसऱ्या ॲपचं उत्पन्नही असंच येतं. उलट नवीन ॲपवर पहिले काही दिवस ऑफर आणि मेसेज जास्तच येतात. बदलायचं एकाच कारणासाठी: खाली सांगतोय त्या गोष्टी तुमच्या ॲपवर करताच येत नसतील तर.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पैशांची वाट लांब केल्याने. डीमॅटला जे बँक खातं जोडलंय त्यावर यूपीआय असेल, तर यूपीआय नसलेलं दुसरं खातं मुख्य म्हणून जोडा आणि पैसे नेट बँकिंगने किंवा एनईएफटीने पाठवा. विक्री झाली की रक्कम त्याच संध्याकाळी काढायला टाका. सेबीच्या नियमानुसार न वापरलेले पैसे ब्रोकरला ठराविक काळाने तुमच्या बँकेत परत पाठवावेच लागतात, आणि ते महिन्याला की तीन महिन्यांनी, हे तुम्ही निवडू शकता. प्रोफाइलमध्ये जाऊन महिन्याचा पर्याय घ्या. ज्यांनी एवढंच केलं त्यांचे सौदे पुढच्या वर्षीच्या फाइलमध्ये स्पष्ट कमी दिसतात. ज्यांनी फक्त "आता कमी करणार" असं ठरवलं, त्यांच्या फाइलमध्ये काही दिसत नाही.

त्यानंतर सेगमेंट, म्हणजे बाजाराचे वेगवेगळे विभाग. फ्युचर्स-ऑप्शन्स चालू असेल तर बंद करा. काही ब्रोकरांकडे किल स्विच असतो, तो दाबला की तो सेगमेंट बंद होतो आणि पुढचे काही तास परत चालू करता येत नाही. तेवढे तास पुरतात, कारण तो झटका सहसा दुपारपर्यंतचाच असतो. तुम्ही ऑप्शन्सचा उल्लेख केलेला नाही, पण इंट्राडेत गेलेले पैसे "एकदम भरून काढायला" माणूस तिकडेच जातो, म्हणून सांगतोय. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा असा की आधीच्या तीन वर्षांत या सेगमेंटमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. "दहातले नऊ तोट्यात" हा इशारा लॉगिनच्या वेळी ॲप दाखवतंच. पण रोज दिसणारी चौकट आपण न वाचता ओके करून पुढे जातो, त्यामुळे त्या इशाऱ्यावर मी फार विसंबत नाही.

नोटिफिकेशन सरसकट बंद करू नका. मार्जिन कमी पडल्याचा मेसेज, राइट्स किंवा बायबॅकची मुदत, डिपॉझिटरीकडून येणारा तुमच्या खात्यातून शेअर गेल्याचा एसएमएस, हे हवेतच. शेवटचा तर फसवणूक कळायचा मार्ग आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या नोटिफिकेशनचे प्रकार वेगवेगळे दिसत असतील तर बाजारभाव, बातम्या, "आयडिया" आणि ऑफर एवढेच बंद करा. प्रकार वेगळे दिसत नसतील तर ॲपचं नोटिफिकेशन पूर्ण बंद करून एसएमएस आणि ईमेल चालू ठेवा. वॉचलिस्टमधून, जे शेअर्स तुमच्याकडे नाहीत आणि पुढच्या सहा महिन्यांत घ्यायचेही नाहीत, ते काढा. मेसेज त्यांच्याचवरून येतात.

खरेदी करायचीच असेल तर बाजार बंद झाल्यावर, साडेतीननंतर ठरवा. भाव लिहून लिमिट ऑर्डर किंवा जीटीटी लावा. जीटीटी म्हणजे तुम्ही दिलेला भाव आला तरच ऑर्डर जाते, तोवर तुम्ही स्क्रीनसमोर असायची गरज नाही. कामाच्या शिफ्टमध्ये स्क्रीन बघत बसायचं कारणच त्यामुळे जातं. माझं निरीक्षण असं की नऊ ते साडेतीनमध्ये सुचलेला सौदा रात्री आठला तितकासा पटत नाही.

हे सगळं केल्यावर फरक पडला की नाही हे हिरव्या-लालवरून कळणार नाही. ॲपच्या रिपोर्टमध्ये Tax P&L आणि Tradebook असतात, ते महिन्याचे उतरवून घ्या. पहिल्यात एकूण खर्च मिळतो, दुसऱ्यात ऑर्डरींची संख्या. खर्चाला भांडवलाने भागा. मघाच्या उदाहरणात ते महिन्याला जवळपास ५ टक्के होतं. लांबच्या गुंतवणुकीसाठी आलेल्या नवख्याचं हे प्रमाण महिन्याला पाव टक्क्याच्या वर गेलं की मी विचारतो, काय चाललंय? ही रेघ माझ्या अनुभवातली आहे, कुठल्या नियमातली नाही. भांडवल फार कमी असेल तर एकाच डिलिव्हरीच्या सौद्यानेही ती ओलांडली जाते, तेव्हा दोन-तीन महिने मिळून बघा. सेबीच्या जुलै २०२४ च्या अहवालातही दिशा हीच दिसते. इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं. दिवसाला दोन सौदे होत असतील तर तुम्ही त्या ५०० च्या जवळच आहात.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली, कारण ती मुदत गेल्यावरच लोकांना आठवते. इंट्राडेचा नफा-तोटा हा सट्टा व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो. नोकरी करत असलात तरी त्या वर्षी साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा असेल तर तो पगारातून वजा होत नाही, फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून होतो, आणि मुदतीत रिटर्न भरला तरच पुढची चार वर्षं ओढता येतो. दोन-पाच हजारांच्या तोट्यासाठी रिटर्नचं काम आणि फी दोन्ही वाढतात. तो खर्च कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येही दिसत नाही.

हे कुणाला लागू नाही? ट्रेडिंग हाच ज्यांचा पूर्णवेळ उद्योग आहे, हिशेब रोज मांडतात, तोट्याची मर्यादा आधी ठरवतात, त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि उत्तरही. दुसरं म्हणजे पैसे पर्सनल लोनचे किंवा पतसंस्थेतून उचललेले असतील, किंवा घरी माहीत नसेल, तर सेटिंग बदलून भागणार नाही. तेव्हा आधी पोझिशन बंद, मग घरी सांगणं.

तुम्ही एक करा. मागच्या पूर्ण महिन्याचे तीन आकडे इथं टाका: ऑर्डरींची संख्या, एकूण खर्च, आणि महिन्याच्या सुरुवातीला खात्यात किती होते. शेअर्सची नावं नकोत, पॅन-बिन तर अजिबात नको. आणि ऑर्डरच्या चौकटीत आधीपासून MIS निवडलेलं होतं की CNC, तेही लिहा. काही ॲपवर ते सेटिंगमध्ये कायमचं बदलता येतं. तुमच्यावर येत असेल तर पुढचं त्यावरूनच सांगतो.